तिने सरळ 'नाही' सांगितलं, आता शेवटचा मेसेज कसा लिहायचा?

कोणाला तरी विचारायचं कसं यावर सगळे सल्ले देतात, पण समोरून नीट, सभ्य शब्दांत नकार आल्यावर आपण काय लिहायचं हे कोणीच सांगत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. विचारताना माणूस दहादा विचार करतो, नकार आल्यावर मात्र दोन मिनिटांत अंगठे चालू होतात. म्हणून फक्त त्या एका मेसेजबद्दल लिहितोय. एकच केस घेतो, मुंबईत सगळ्यात जास्त दिसणारी, म्हणजे एकाच ऑफिसातले दोघं, रोज तोंड दिसणार, आणि विचारणं व्हॉट्सॲपवर झालेलं.

धरून चाला की तो डोंबिवलीचा, ती मुलुंडची, ऑफिस लोअर परळला. संध्याकाळी दोघं बोलत बोलत करी रोडपर्यंत चालत येतात, कधी वाटेत टपरीवर कटिंग होतो, मग ती लेडीज डब्याकडे आणि तो जनरलकडे. असं काही महिने चाललंय. एका शनिवारी संध्याकाळी तो लिहितो, "पुढच्या रविवारी शिवाजी मंदिरला नाटकाला येशील का? आपण दोघंच. मला तू आवडतेस म्हणून विचारतोय." चांगलं विचारलंय, आडपडदा नाही. तासाभराने तिचं उत्तर येतं:

"अरे थँक्यू, इतकं सरळ विचारलंस ते आवडलं. पण मी तुझ्याकडे त्या नजरेने नाही बघत. आपण ऑफिसचे चांगले मित्र आहोत, तेवढंच राहू दे. प्लीज वाईट वाटून घेऊ नकोस."

आधी उत्तर दोनदा वाचा, पण त्यात फटी शोधायला नाही

हा नकार पूर्ण आहे. "त्या नजरेने नाही बघत" यात कारणही आलं आणि निर्णयही आला. पण मनाला हवं ते दिसतं. "आवडलं" हा एक शब्द धरून माणूस बसतो, किंवा "मित्र" म्हणाली म्हणजे दार उघडं आहे असं वाटायला लागतं. ते कौतुक नकार मऊ करायला लिहिलेलं असतं, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची सवय कोणालाच नसते त्यामुळे आधी दोन गोड शब्द येणारच. असंच "सध्या" या शब्दाचं. "सध्या माझं लक्ष करिअरवर आहे", "सध्या घरी टेन्शन आहे" असं आलं तरी ते नाहीच धरायचं, सहा महिन्यांनी सध्या संपलं का विचारायला जायचं नाही. तिचं मन बदललं तर तिच्याकडे तुमचा नंबर आहे, तिला माहितीये तुम्हाला ती आवडते, ते सांगायला ती येईल.

लगेच लिहू नका, आणि चॅटमध्ये तर अजिबात नका

अर्धा तास तरी जाऊ द्या. फार उशीरही नको, कारण निळ्या टिक्स दिसल्यात आणि दोन दिवस काहीच आलं नाही तर ती तिकडे बसून विचार करणार की हा चिडला की काय, सोमवारी ऑफिसात काय होणार. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला, एवढं बास. रात्री बारानंतर नको, रात्रीचा मेसेज कितीही साधा असला तरी जड वाटतो.

आणि ड्राफ्ट फोनच्या नोट्समध्ये लिहा. व्हॉट्सॲपच्या चौकटीत लिहीत बसलात तर समोर "टायपिंग" दिसत राहतं. तिने चॅट उघडं ठेवलं असेल तर पंधरा मिनिटं टायपिंग दिसून शेवटी दोन ओळी येणं हे तिच्यासाठी पंधरा मिनिटांचं टेन्शन आहे. शिवाय चुकून अर्धवट मेसेज गेला तर निस्तरणं कठीण. मेसेज एडिट करायला 15 मिनिटं मिळतात खरी, पण खाली एडिट केल्याची खूण राहते, आणि सगळ्यांसाठी डिलीट केला तरी "हा मेसेज डिलीट केला" ही पट्टी तशीच राहते. ती पट्टी सगळ्यात वाईट, कारण आता ती विचार करणार की काय लिहिलं होतं.

पहिला ड्राफ्ट कसा येतो ते बघा

आपल्या केसमधला मुलगा नोट्समध्ये पहिल्यांदा साधारण असं लिहिणार, आणि यात वाईट हेतूने लिहिलेलं एकही वाक्य नाही हे लक्षात घ्या:

"ओके, काही हरकत नाही. सॉरी, मी विचारायलाच नको होतं. खरं सांगू तर मला वाटलं होतं तुलाही काहीतरी वाटतं, आपण रोज इतकं बोलायचो. असो, माझंच चुकलं. तिकिटं काढून ठेवली होती, बघतो आता कोणाला तरी देतो. फक्त एकच सांग, माझ्यात काही कमी आहे का? आणि प्लीज आपली मैत्री बदलू देऊ नकोस, मला ते सहन नाही होणार. मी कायम तुझ्यासाठी आहे, कधीही फोन कर."

आता एकेक ओळ घ्या आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, हे वाचून तिच्यावर कुठलं काम पडतं?

"मी विचारायलाच नको होतं" यावर तिला लिहावं लागणार की अरे तसं काही नाही, चुकलं काय त्यात. म्हणजे नकार तिने दिला आणि समजूतही तिनेच काढायची. एकदा सभ्यपणे विचारणं हा गुन्हा नाही, त्याची माफी मागितलीत की आपणच आपल्याला खाली आणतो. माफी फक्त खरंच काही वावगं झालं असेल तर, म्हणजे सगळ्यांसमोर विचारलं, अवेळी फोन केला, आणि तीही एका वाक्यात.

"मला वाटलं तुलाही काहीतरी वाटतं, आपण रोज बोलायचो" ही ओळ सगळ्यात घातक. लिहिणाऱ्याला वाटतं मी मन मोकळं केलं, वाचणारीला वाटतं की माझ्या बोलण्याचा हिशोब मांडला. उद्यापासून ती टपरीवर थांबायच्या आधी, एखाद्या जोकवर हसायच्या आधी विचार करेल की याचा अर्थ आता काय काढला जाईल. मैत्री तुटते ती बहुतेक या ओळीने तुटते, नकाराने नाही.

तिकिटांचा उल्लेख म्हणजे पैशाचं ओझं. तिने काढायला सांगितली नव्हती. मित्राला द्या, बहिणीला घेऊन जा, एकटे जा, पण ते तिला कळायची गरज नाही.

"माझ्यात काही कमी आहे का" याला कोणीही खरं उत्तर देऊ शकत नाही. दिलं तर तुम्हाला लागणार, नाही दिलं तर ती खोटं बोलली असं तुम्हालाच वाटणार. आणि कारण कळलं की माणूस ते दुरुस्त करायला बघतो, म्हणजे विषय संपला नाही, पुढची तारीख पडली.

"मैत्री बदलू देऊ नकोस, मला सहन नाही होणार" ही विनंतीसारखी दिसते, पण आहे अट. आता ती जरा लांब राहिली तरी तुमच्या दुःखाची जबाबदारी तिची. आणि "मी कायम तुझ्यासाठी आहे" हे ऐकायला मोठेपणाचं वाटलं तरी त्याचा अर्थ मी थांबलोय, असाच होतो.

सगळं गाळल्यावर उरतं काय? फक्त "ओके, काही हरकत नाही." त्यावरून पुन्हा बांधायचं.

मेसेज

"सरळ सांगितलंस ते बरं केलंस, थँक्यू. कळलं मला. माझ्याकडून हा विषय इथेच संपला, परत काढणार नाही. याला रिप्लाय नाही केलास तरी चालेल. ऑफिसात नेहमीसारखंच."

एवढाच. फोनच्या स्क्रीनवर चार-पाच ओळी. तिचा मेसेज जेवढा आहे साधारण तेवढाच आपला असावा, कमी चालेल, जास्त नको.

पहिलं वाक्य तिच्या नकाराला मान देतं. नाही म्हणायलाही तिला धीर करावा लागलाय, रोज भेटणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं. "थँक्यू" एकदाच. दोनदा झालं की लाचारी वाटते.

"कळलं मला" हे दोन शब्द ठेवाच. नुसतं "ओके" किंवा अंगठा पाठवला तर तिला कळत नाही की पोचलं की राग आला. आणि "तुझ्या निर्णयाचा मी आदर करतो" वगैरे भाषणातलं मराठी नको, रोज जसं बोलता तसंच लिहा, नाहीतर अचानक सर्क्युलर आल्यासारखं वाटतं.

"परत काढणार नाही" हे मेसेजचं मर्म. बाकी सगळं गाळलंत तरी हे वाक्य राहू द्या. ती ज्या गोष्टीला घाबरत असते ती हीच, की हा पुन्हा विचारेल, दिवाळीला विचारेल, ऑफिसच्या पिकनिकला विचारेल. "माझ्याकडून" हा शब्दही मुद्दाम आहे, म्हणजे हे संपवायची जबाबदारी तुम्ही घेताय, तिच्यावर टाकत नाही.

"रिप्लाय नाही केलास तरी चालेल" यावर लोक मला विचारतात की हे तुसडं नाही का वाटत. नाही वाटत, जर आधीची वाक्यं मऊ असतील तर. हे नसेल तर ती विचार करत बसते की आता स्माइली टाकू का, टाकली तर त्याला वेगळं वाटेल का. तुम्ही तिला त्यातून सोडवता.

"नेहमीसारखंच" मध्ये मी प्रश्नचिन्ह टाकलेलं नाही हे बघितलंत का? "नेहमीसारखंच ना?" लिहिलंत की ते पुन्हा आश्वासन मागणं झालं. पूर्ण मेसेजमध्ये एकही प्रश्नचिन्ह नसावं, पाठवायच्या आधी फक्त तेवढं तपासा. प्रश्न म्हणजे उत्तराची मागणी, मग तो "बरी आहेस ना" असा काळजीचा का असेना.

आता वाईट वाटल्याचं सांगायचं की नाही? तिने "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हटलंय त्यामुळे हा मोह होतोच. माझं मत, नका सांगू. खोटंही बोलू नका, "छे मला काहीच नाही वाटलं" कोणाला पटत नाही. तो मुद्दा मोकळा सोडून द्या. वाईट वाटणारच, ते बोलायला भाऊ आहे, जुना मित्र आहे, जो तिला ओळखत नाही असा कोणीही चालेल. पण तुम्हाला खरंच थोडं अंतर हवं असेल, रोज सोबत चालत जाणं जड जाणार असेल, तर "नेहमीसारखंच" लिहून उद्या तोंड फिरवण्यापेक्षा शेवटचं वाक्य बदला: "थोडे दिवस मी जरा कमी बोलेन, राग नाहीये, एवढंच माहिती असू दे." यात तुम्ही काही मागत नाही, आणि तुमच्या शांत राहण्याचा ती चुकीचा अर्थ काढणार नाही.

इमोजी टाळा. हार्ट तर नाहीच, पण ते हसता हसता डोळ्यात पाणी असलेलंही नको, त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो निघतो.

पाठवल्यावरचे दोन-तीन दिवस

मेसेज चांगला आणि वागणं त्याच्या उलट असं झालं तर त्या चार ओळींना काही किंमत राहत नाही. ती कदाचित "थँक्यू समजून घेतल्याबद्दल" एवढं लिहील. त्यावर काही लिहू नका, फार तर त्याच मेसेजवर अंगठ्याची रिॲक्शन द्या. शेवटचं बोलणं तिचं राहू द्या. रात्री उशिरा "तू ठीक आहेस ना?" आलं तर "हो ठीक आहे, उद्या ऑफिसात भेटू" एवढंच, तिथून गप्पा उकरायच्या नाहीत.

चॅट सारखं उघडून लास्ट सीन बघायची सवय लागते, त्यावर उपाय म्हणजे चॅट अर्काइव्ह करा आणि तिचं स्टेटस म्यूट करा. तिला यातलं काहीच कळत नाही. ब्लॉक मात्र रागात करू नका, ऑफिसचं काम अडतं आणि डीपी अचानक गायब झाला की तिला लगेच लक्षात येतं. स्वतःच्या स्टेटसला दर्दभरी गाणी, शायरी, "लोक बदलतात" असलं काही नको, ती बघणार आणि ते तिलाच उद्देशून आहे हे तिलाही कळणार.

सोमवारचं करी रोडचं काय? मेसेजमध्ये त्याचा उल्लेख करायचाच नाही, ते आपोआप ठरू द्यायचं. तुमची वेळ झाली की बॅग उचला आणि निघा. गेटवर रेंगाळू नका, ती कधी निघते ते बघू नका, आणि तिला टाळायला उलटं दादरला जायचा द्राविडी प्राणायामही करू नका. ती लिफ्टमध्ये भेटली आणि स्वतःहून सोबत चालायला लागली तर चाला, सीएसएमटीकडची गर्दी, मेगाब्लॉक, साहेबांची मीटिंग, जे रोज बोलता तेच बोला. नाही आली तर तिची मर्जी. पंधरा दिवस, महिनाभर असं गेलं की कळतं पुढे काय राहतंय. दिसलात की ती हेडफोन घालते, ग्रुपमध्ये तुमच्या मेसेजला सोडून बाकीच्यांना उत्तर देते असं असेल तर तिला अजून जागा हवीये, त्याबद्दल विचारणारा मेसेज करायचा नाही.

ऑफिसात कोणाला सांगू नका. "अरे मी तिला विचारलं, नाही म्हणाली, पण आम्ही कूल आहोत" हेसुद्धा नको, लंच टेबलवर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत वेगळीच होते आणि उत्तरं तिला द्यावी लागतात. तिच्या मैत्रिणीला मध्ये घालून "जरा बघ ना तिच्या मनात काय आहे" हे तर पुन्हा विचारणंच झालं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून.

एकच मेसेज का, त्याचं दुसरं कारण

हा भाग घाबरवायला नाही, पण माहिती असावी. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाबद्दल आहे, 1 जुलै 2024 च्या आधी हेच भारतीय दंड संहितेत 354 ड होतं. एखाद्या स्त्रीने रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने जवळीक वाढवायला तिच्याशी वारंवार संपर्क केला किंवा करायचा प्रयत्न केला तर तो गुन्हा आहे, पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑफिसात 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदाही आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. सभ्यपणे एकदा विचारणं आणि नकारावर एक शांत उत्तर देऊन थांबणं वेगळं, आणि "फक्त शेवटचं एक सांगतो" म्हणत पाचवा मेसेज करणं वेगळं.

तुम्ही तिचे सीनियर असाल, तिचं अप्रेझल तुमच्या हातात असेल तर मेसेज अजून आखूड करा: "कळलं, थँक्यू सांगितल्याबद्दल. विषय परत निघणार नाही." "याचा तुझ्या कामावर परिणाम होणार नाही" असं लिहू नका, कारण वाचताना त्यात परिणाम होऊ शकला असता हेच ऐकू येतं. ते बोलून दाखवण्यापेक्षा तिचं अप्रेझल दुसऱ्या मॅनेजरकडे जाईल असं बघा.

स्थळाचा नकार आला तर

इथे थोडक्यात, कारण रीत ठरलेली आहे. "पत्रिका जुळत नाही" किंवा "योग दिसत नाही" आलं की तो नकार. आमच्या गुरुजींना दाखवून बघतो म्हणायचं नाही. निरोप ज्यांच्याकडे आला त्यांनीच उत्तर द्यायचं, आईला आला तर आईने, मुलाने वेगळा मेसेज मुलीला करायचा नाही. "कळवल्याबद्दल आभार. मुलीचा फोटो आणि बायोडेटा आम्ही फोनमधून काढून टाकलाय. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा." फोटोचं वाक्य फार कमी लोक लिहितात, पण मुलीकडच्यांना त्याने खूप हायसं वाटतं. लिहिलंत तर खरंच काढा, मामाला नि आत्याला फॉरवर्ड केलाय तिथूनही.

आणि लांबलचक मेसेज आधीच गेला असेल तर

डिलीट करत बसू नका, तिने वाचलाय. त्याचं स्पष्टीकरण देणारा आणखी लांब मेसेज तर नकोच. एक दिवस जाऊ द्या आणि एकदाच लिहा: "काल जरा जास्तच लिहिलं गेलं, त्यातल्या कशालाच उत्तर द्यायची गरज नाही. तुझं म्हणणं कळलंय, विषय संपला." "त्यातल्या कशालाच" हे शब्द लागतात, कारण त्यात तुम्ही प्रश्न विचारून ठेवलेत, कमी काय आहे, मैत्री राहील का, आणि ते सगळे तिच्या डोक्यावर अजून तसेच आहेत. या एका वाक्याने ते परत घेतले जातात. मग फोन बाजूला ठेवा. तिकडून काहीच आलं नाही, नुसत्या निळ्या टिक्स पडल्या, तर तो मेसेज पोचला असं समजा.